गणपतीला जाताना घराला कुलूप लावण्याआधी एकदा माळ्यावर चढा

गणपती दहा दिवसांवर आले. ठाणे, डोंबिवली, कल्याण, लालबाग, परळ, जिथून कुठून तुम्ही कोकणात निघणार असाल, तुम्हा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. बॅगा भरायच्या आधी, याच रविवारी, स्टूल घ्या, बॅटरी घ्या आणि बाथरूमवरच्या माळ्यावर पाण्याच्या टाकीपाशी चढा. तिथल्या पाइपांचे तीन प्रकारचे फोटो काढा. मग खाली उतरून, चहा पिता पिता, त्या फोटोत गेट व्हॉल्व्ह कुठला, बॉल व्हॉल्व्ह कुठला, फ्लोट व्हॉल्व्ह कुठे दडलाय आणि साधा नळ कुठला, हे बोट ठेवून सांगता येतंय का ते बघा. येत नसेल तर ते शिकल्याशिवाय गाडीत बसू नका.

हे मी अंगावर आलेल्या प्रसंगावरून सांगतोय. गेल्या वर्षी आमची गाडी पहाटे चिपळूण सोडत होती आणि शेजारच्या मुलाचा फोन आला. "काका, तुमच्या दाराखालून पाणी येतंय, जिन्यात उतरलंय." किल्ली त्याच्याकडेच होती. तो आत शिरला, माळ्यावर चढला आणि त्याने दारातूनच फ्लॅश मारून एक फोटो पाठवला. पांढरी टाकी, तीन पाइप, एक लाल चाक, एक लाल दांडा. मी इकडून ओरडलो, "अरे, तो लाल बंद कर, बॉल वॉल!" तेवढ्यात बोगदा आला आणि फोन तुटला.

पुढच्या पाच मिनिटांत त्या मुलाने माझं अक्षरशः ऐकलं, आणि घोळ तिथेच झाला. 'बॉल' म्हटल्यावर त्याला टाकीत तरंगणारा चेंडू दिसला. बंद करायचा म्हणजे दाबायचा, म्हणून त्याने तो पाण्यात दाबून धरला. टाकीत पाण्याची धार आणखी जोरात पडायला लागली. मग त्याला 'लाल' आठवलं, म्हणून त्याने लाल दांडा फिरवला. तो होता टाकीतून बाथरूमकडे जाणाऱ्या पाण्याचा. पठ्ठ्याने आधी हुशारी करून बाथरूममधले नळ उघडे टाकले होते, म्हणजे टाकी थोडी तरी रिकामी व्हावी. दांडा फिरवल्यावर ती वाटही बंद झाली आणि सगळं पाणी टाकीच्या काठावरून घरात उतरायला लागलं. बोगदा संपल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "काका, बॉल दाबला, लालपण बंद केला, तरी पाणी वाढतंच आहे!"

चूक त्याची नव्हती. माळ्यावर काय काय आहे हे मला ठाऊक होतं, पण त्या वस्तूंना तो काय म्हणेल याचा विचार मी कधी केला नव्हता. 'बॉल वॉल' हे नाव तर फारच फसवं आहे. आपल्याकडे टाकीतल्या तरंगत्या चेंडूवाल्या वस्तूला कोणी बॉल कॉक म्हणतं, कोणी बॉल वॉल म्हणतं, आणि दुकानदार दांड्याच्या व्हॉल्व्हलाही बॉल वॉलच म्हणतो. हा घोळ फक्त बोलण्यातला नाही. टाकीतल्या तरंगत्या व्हॉल्व्हसाठी जे भारतीय मानक आहे, आय. एस. १७०३, त्याच्या जुन्या आवृत्तीच्या नावातही 'बॉल व्हॉल्व्ह' असेच शब्द होते. नंतर ते 'फ्लोट व्हॉल्व्ह' झालं. तेव्हा नावावर जाऊ नका. फोटोत आकार बघा, आणि त्याहून आधी जागा बघा.

जागा म्हणजे काय, ते सांगतो. टाकीचा कुठलाही फोटो हातात आला की आधी पाइप मोजा आणि प्रत्येक पाइप टाकीला कुठल्या उंचीवर भेटतो ते बघा. वरच्या काठाजवळ आत शिरणारा पाइप टाकी भरणारा. तळाजवळून निघणारा पाइप घराला पाणी देणारा. वरच्या काठाजवळ, पण भरणाऱ्या पाइपापेक्षा थोडा खाली, आणखी एक उघडा पाइप दिसेल. त्याच्यावर काहीही नसतं, तो बाथरूममध्ये किंवा भिंतीबाहेर उघडतो. हा ओव्हरफ्लोचा. त्याच्यावर कुणी व्हॉल्व्ह बसवलेला दिसला तर तो आजच काढायला सांगा, कारण त्या पाइपाचं तोंड कधीच बंद होता कामा नये. मोठ्या टाकीला अगदी तळाशी चौथा, गाळ काढायचा पाइप असतो. त्याला व्हॉल्व्ह किंवा नुसतं झाकण असतं.

एवढं कळलं की अर्धं काम झालं. टाकी ओसंडतेय तर वरचा, भरणारा पाइप बंद करायचा. बाथरूममधला नळ तुटलाय किंवा भिंतीतला पाइप फुटलाय तर तळाचा, देणारा पाइप बंद करायचा. माझ्या घरी त्या पहाटे नेमकं उलटं झालं.

आता आकाराकडे वळू. गेट व्हॉल्व्हला गोल चाक असतं. चाकाखाली एक छोटी नट, तिच्याखाली घंटेसारखी निमुळती मान, आणि मग पाइपाच्या रेषेतलं जाड पितळी धड. फोटोत ही उभी मान दिसली आणि वर चाक असलं, तर तो बहुधा गेट व्हॉल्व्ह. आत पाचरीसारखा एक पडदा असतो. चाक फिरवलं की तो खाली उतरतो आणि पाण्याची वाट अडवतो. एका फेऱ्यात काही होत नाही. माझ्या पाऊण इंची गेट व्हॉल्व्हला पूर्ण बंद व्हायला साडेचार फेरे लागतात, मी मोजले आहेत. चाकाकडे तोंड करून उभं राहिलं की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तर बंद होतो. व्हॉल्व्ह आडवा किंवा उलटा बसवला असेल तरी हिशोब चाकाच्या बाजूने बघूनच करायचा, नाहीतर दिशा उलटी सांगितली जाते.

पण गेट व्हॉल्व्हच्या बाबतीत फोटो एक गोष्ट सांगू शकत नाही, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते. तो उघडा आहे की बंद, हे घरगुती गेट व्हॉल्व्हच्या फोटोवरून बहुधा कळत नाही. चाक फिरतं, पण दांडी वर-खाली होत नाही, पडदा आतल्या आतच सरकतो. म्हणून फोटो बघून "हां, बंद आहे" असं कुणीही म्हणू नये. पुढचा नळ उघडून बघणं हाच खरा पुरावा.

बॉल व्हॉल्व्हचं याच्या उलट आहे. त्याला चाक नसतं, आडवा दांडा असतो, आणि मान इतकी आखूड की दांडा धडाला जवळजवळ चिकटलेलाच दिसतो. आत भोक पाडलेला एक गोळा असतो. पाव फेरा फिरवला की भोक आडवं होतं आणि पाणी थांबतं. या व्हॉल्व्हचा मोठा गुण हा की त्याची अवस्था फोटोत वाचता येते. दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर उघडा, पाइपाला काटकोनात असेल तर बंद. हे मी घरातल्या सगळ्यांकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलंय. एकच अडचण आहे. कुणा प्लंबरने दांडा काढून पुन्हा बसवला असेल आणि बसवताना तो फिरला असेल, तर खूण उलटी होते. म्हणून फोटो काढायच्या आधी एकदा दांडा फिरवून खालचा नळ उघडून खात्री करून घ्या.

प्लास्टिकच्या पाइपांवर जरा जास्त लक्ष द्या. क्रीम रंगाच्या सीपीव्हीसी पाइपावरचा बॉल व्हॉल्व्ह पुष्कळदा लांब दांड्याऐवजी फुलपाखरासारख्या दोन पंखांच्या मुठीचा असतो. धूसर फोटोत ती मूठ चाकासारखी दिसते. मुठीच्या पंखांची दिशा बघा. मूठ लांबट असेल आणि तिला स्पष्ट दिशा असेल, तर ती पाव फेऱ्याची. गोल चाकाला दिशा नसते.

आता फ्लोट व्हॉल्व्ह. याचा गुण असा की तो माणसाने फिरवायचा नसतोच. टाकी भरत आली की स्वतःच बंद होतो, पातळी उतरली की उघडतो. टाकीच्या आत, भरणाऱ्या पाइपाच्या टोकाला हा बसतो. त्यातून एक सळई निघते आणि सळईच्या टोकाला पोकळ चेंडू असतो, तांब्याचा किंवा प्लास्टिकचा. पाणी चढलं की चेंडू चढतो, सळई वर जाते आणि आतलं वायसर भोकावर दाबलं जातं. म्हणजे चेंडू वर गेला की पाणी बंद, खाली गेला की चालू. माझ्या शेजाऱ्याने चेंडू दाबला तेव्हा धार का वाढली, ते आता लक्षात आलं असेल. फ्लशच्या टाकीतही हाच असतो. फक्त नवीन फ्लशमध्ये चेंडूऐवजी उभ्या नळीवर सरकणारी छोटी डबी असते. चेंडू दिसला नाही म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह नाही असं समजू नका.

बाहेरून काढलेल्या फोटोत फ्लोट व्हॉल्व्ह कधीच दिसत नाही. टाकीच्या भिंतीवर फक्त एक चपटी नट आणि पाइपाचा जोड दिसतो. म्हणूनच एक फोटो झाकण उघडून, वरून काढायचा.

नळांबद्दल फार सांगायला नको. नळाचं एक तोंड उघडं असतं आणि पाणी तिथून तुमच्या बादलीत पडतं. व्हॉल्व्हला दोन्ही बाजूंनी पाइप असतात, नळाला एकाच बाजूने. फोटोत दुसऱ्या बाजूला तोटी दिसली की तो नळ. घोळ होतो तो बाथरूममधल्या दोन वस्तूंवरून. एक म्हणजे अँगल कॉक, बेसिनखाली किंवा फ्लशच्या बाजूला भिंतीतून आलेला, ज्याच्यातून लवचीक नळी वर जाते. तो नळासारखा चकचकीत दिसतो, पण काम व्हॉल्व्हचं करतो, कारण पाणी काटकोनात वळून पुढच्या नळीत जातं, बाहेर पडत नाही. दुसरा भिंतीतला कन्सील्ड कॉक. भिंतीवर फक्त एक गोल चकती आणि मूठ, तोटी कुठेच नाही. कितीतरी घरांत लोक त्याला शोभेचा समजतात, आणि संबंध बाथरूमचं पाणी बंद करणारा तो एकच असतो. आमच्या सूनबाईने तर त्याच्यावर टॉवेल टांगायला सुरुवात केली होती.

चिपळूणच्या पुढची गोष्ट अजून बाकी आहे. दुसरा बोगदा संपल्यावर मी त्या मुलाला सांगितलं, आता काहीही फिरवू नकोस, पाइप वरपासून खालपर्यंत दिसेल असा बाजूने फोटो काढ. तो फोटो आला आणि सगळं उमगलं. टाकीच्या उजव्या बाजूने एक पाइप भिंतीला लागून वर चढत होता, त्याच्यावर लाल चाक, आणि तो टाकीत वरच्या काठापाशी शिरत होता. डाव्या बाजूला तळाजवळून क्रीम पाइप निघाला होता, त्याच्यावर लाल दांडा, आता पाइपाला आडवा. दोन्ही लाल! म्हणजे रंगावरून सांगणं हाच मूळ गाढवपणा होता.

मी म्हटलं, "डावीकडचा दांडा पाइपाच्या रेषेत आण. मग उजवीकडचं गोल चाक घड्याळासारखं फिरव." त्याने दांडा सरळ केला आणि बाथरूमचे नळ पुन्हा वाहायला लागले. चाक मात्र दोन फेरे फिरलं आणि अडलं. टाकीतली धार बारीक झाली, बंद झाली नाही. गेट व्हॉल्व्हच्या बैठकीत गाळ आणि क्षार साचले की असं होतं. तो पाना शोधायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. जुन्या पितळी व्हॉल्व्हवर पाना लावून जोर केला की दांडी तुटते, आणि मग पाणी अडवायला काहीच उरत नाही.

तेव्हा त्याला सांगितलं, आत बघ, चेंडू तरंगतोय का? तो म्हणाला, "नाही काका, अर्धा बुडालाय, हलवला की आत पाणी खळखळतं." कारण सापडलं. चेंडूला चीर गेली होती, आत पाणी भरलं होतं, म्हणून तो वर चढतच नव्हता आणि व्हॉल्व्ह बंद होत नव्हता. वायसर अजून धड होतं. मी म्हटलं, सळई हाताने वर उचल आणि सुतळीने झाकणाच्या कडीला बांधून टाक. त्याने बांधली आणि धार थांबली. घड्याळात बघितलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

परत आल्यावर मी मोजमाप केलं. टाकी भरणाऱ्या पाइपातून वीस लिटरची बादली १ मिनिट ४० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. चाळीस मिनिटांत फार तर ४८० लिटर. टाकी जवळपास भरलेलीच होती, त्यामुळे त्यातलं बरंचसं पाणी घरात आणि जिन्यात गेलं. आमच्याकडे सकाळी दीड तास पाणी येतं. शेजारी जागा नसता तर १,०८० लिटर आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. ओव्हरफ्लोचा पाइप असताना पाणी काठावरून का पडलं, तेही कळलं. भिंतीबाहेरच्या त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. सळईने टोचलं तर मुठीएवढी माती निघाली.

म्हणून आता नेमकं काय करायचं, ते सांगतो. पहिला फोटो दोन पावलं मागे सरकून काढा, टाकी आणि सगळे पाइप वरपासून खालपर्यंत एका चौकटीत यायला हवेत. फ्लॅश समोरून मारू नका. चकाकीत चाकाची मान आणि दांड्याची दिशा दोन्ही हरवतात. बॅटरी कुणाला तरी बाजूने धरायला सांगा. दुसरा फोटो प्रत्येक व्हॉल्व्हचा जवळून, पण पाइपाचा थोडा तुकडा दोन्ही बाजूंना दिसला पाहिजे, नाहीतर दांडा पाइपाच्या रेषेत आहे की आडवा हे कसं कळणार? आणि कुठल्या फोटोतला व्हॉल्व्ह वरचा, कुठला तळाचा, हे समजायला फोटोत टाकीचा काठ तरी यायला हवा. तिसरा झाकण उघडून वरून, चेंडू आणि सळई दिसेल असा.

झाकण उघडलंच आहे तर सळई एकदा हाताने वर उचला. धार बंद झाली पाहिजे. थेंब थेंब पडत राहिलं तर वायसर गेलंय, ते निघायच्या आधी बदलून घ्या. मग चेंडू हातात घेऊन कानाशी हलवा. आत पाणी वाजलं तर तो बदला. चेंडू बदलला नाही तर नुसत्या फोटोंनी काही भागणार नाही. गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेला असेल तर हळूहळू, मागे-पुढे करत. पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्या, म्हणजे तो तिथेच जाम होणार नाही. अर्धवट उघडा ठेवून पाण्याचा जोर कमी करायला मात्र तो वापरू नका. पडदा पाण्यात हादरत राहतो, झिजतो, आणि मग गरजेच्या वेळी बंद होत नाही.

ओव्हरफ्लोच्या पाइपात वरून एक तांब्या पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय का ते खाली कुणाला तरी बघायला सांगा.

निघायच्या दिवशी, शेवटचं भांडं धुऊन झालं की भरणारा पाइप आणि देणारा पाइप, दोन्ही बंद करा. मग बाथरूमचा एक नळ उघडून तो कोरडा पडतोय का ते बघा. पडला नाही तर तळाचा व्हॉल्व्ह धरत नाहीये.

फोटो शेजाऱ्याला आणि गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर पाठवा. त्याआधी फोटोवरच मोठ्या अक्षरात लिहा. 'गेट', 'बॉल' असं लिहू नका, शेजाऱ्याला ते कळणार नाही. माझ्या फोटोवर आता असं आहे: उजवीकडे, 'गोल चाक. टाकीत पाणी येतं. घड्याळासारखं फिरवून बंद.' डावीकडे, 'लांब दांडा. बाथरूमला पाणी जातं. आडवा म्हणजे बंद.' आणि झाकणावर, 'आतला चेंडू दाबू नका. उचलून बांधा.' सुतळीचा तुकडा कडीला कायमचा बांधून ठेवलाय.